रिपोर्ट हिरवा, प्रकल्प अडकलेला: स्टीअरिंग कमिटीच्या रिपोर्टमधला लपलेला लाल कसा शोधायचा

प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या स्टीअरिंग कमिटीच्या स्टेटस रिपोर्टमध्ये लाल, अँबर आणि हिरवा असे तीन रंग ठरवून दिलेले असतात, पण तीन-चार महिने गेले की बहुतेक रिपोर्टमध्ये त्यातला एकच रंग उरतो. मग गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू होण्याच्या, दोन आठवडे आधी सगळं एकदम लाल होतं आणि कमिटी विचारते, "मागच्या बैठकीपर्यंत तर सगळं ठीक होतं ना?" प्रकल्पांच्या जगात याला कलिंगड रिपोर्ट म्हणतात. बाहेरून हिरवागार, कापला की आत लाल. हा बिघाड एकदा दुरुस्त करून संपत नाही. माणसं बदलली, व्हेंडर बदलला किंवा तारीख जवळ आली की तो परत येतो. म्हणून खालच्या तपासण्या हाताशी ठेवायच्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करायच्या.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ. समजा, 22 शाखांची आणि साधारण 1,40,000 खात्यांची एक नागरी सहकारी बँक जुनी कोअर बँकिंग प्रणाली सोडून नवीवर जाते आहे. यातलं सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे डेटा मायग्रेशन. त्याची आधी रंगीत तालीम होते, तिला मॉक म्हणतात: जुना डेटा नव्या प्रणालीत भरायचा, शाखावार ट्रायल बॅलन्स जुळवायचा, व्याज तपासायचं, चुका दुरुस्त करायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून करायचं. मूळ योजनेत तीन मॉक आहेत, 14व्या, 18व्या आणि 22व्या आठवड्यात, आणि गो-लाइव्ह 26व्या आठवड्यात. जुन्या व्हेंडरचा देखभाल करार 31व्या आठवड्याअखेर संपतो. आपण 19व्या आठवड्यात आहोत आणि समोरचा रिपोर्ट म्हणतो: एकूण स्थिती हिरवी, 82 टक्के काम पूर्ण.

## लक्षणं

यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तरी तपासणी सुरू करावी.

- लागोपाठ चार रिपोर्ट पूर्ण हिरवे, पण शाखाधिकाऱ्यांना प्रशिक्षणाची पक्की तारीख कुणी सांगत नाही.
- एखादी ओळ तीन बैठका सलग अँबर आहे आणि तिच्यापुढचा शेरा शब्दशः तोच आहे: "व्हेंडरकडे पाठपुरावा सुरू."
- पूर्णतेचा टक्का 78, 80, 81, 82 असा मुंगीच्या पावलांनी सरकतो, शंभराच्या जवळ जाताना आणखी हळू.
- एखादी ओळ हिरव्यावरून थेट लालवर उडी मारते, मध्ये अँबर येतच नाही.
- कमिटीतल्या संचालकांना खरी बातमी रिपोर्टमधून कळत नाही, कुठल्या तरी शाखेतून आलेल्या फोनवरून कळते.
- बैठक वीस मिनिटांत आटोपते आणि इतिवृत्तात एकही निर्णय नसतो, फक्त "नोंद घेण्यात आली."

शेवटचं लक्षण सगळ्यात विश्वासाचं. एवढ्या मोठ्या प्रकल्पात कमिटीने निर्णय घ्यावा असं दोन महिन्यांत काहीच आलं नसेल, तर ते वरपर्यंत पोचू दिलं जात नाही असंच धरून चालावं.

## पहिली तपासणी: जुने रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा

खर्च शून्य, वेळ अर्धा तास. गेल्या सहा बैठकांचे रिपोर्ट छापून टेबलावर ओळीने मांडा. प्रत्येक माइलस्टोनसाठी एकच गोष्ट कागदावर उतरवा: त्या त्या रिपोर्टमध्ये त्याची तारीख काय दिली होती.

आपल्या उदाहरणात मॉक 2 ची तारीख अशी दिसते: 10व्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये 18वा आठवडा, 14व्याच्या रिपोर्टमध्ये 19वा, 16व्याच्या रिपोर्टमध्ये 20वा, 18व्याच्या रिपोर्टमध्ये 21वा. प्रत्येक वेळी रंग हिरवाच, कारण शेऱ्यात लिहिलंय "सुधारित योजनेनुसार." माइलस्टोन शेवटच्या तीन रिपोर्टमध्ये दर वेळी एका आठवड्याने पुढे सरकला आणि कमिटीला तो कधीच उशिरा झालेला दिसला नाही. कारण दर वेळी मोजायची पट्टीच पुढे सरकवली गेली.

लपलेल्या लालचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि यात बहुतेक वेळा कुणी खोटं बोललेलं नसतं. प्रकल्प व्यवस्थापकाने योजना अद्ययावत केली, ते त्याचं कामच आहे. चूक एवढीच की अद्ययावत योजनाच मोजमापाचा आधार झाली. दुरुस्ती सोपी आहे. रिपोर्टमध्ये प्रत्येक माइलस्टोनपुढे तीन रकाने हवेत: कमिटीने मंजूर केलेली मूळ तारीख, मागच्या रिपोर्टमधला अंदाज आणि आजचा अंदाज. रंग ठरतो तो पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातल्या फरकावरून. मूळ तारीख बदलायची असेल तर ती फक्त कमिटीच्या ठरावाने बदलेल आणि तो ठराव इतिवृत्तात दिसेल.

फक्त एवढं केलं तरी बरेच कलिंगड रिपोर्ट पकडले जातात. म्हणून हे आधी करा, बाकीचं नंतर.

## दुसरी तपासणी: रंगांची व्याख्या लिहिलेली आहे का

रिपोर्ट भरणाऱ्या चार जणांना वेगवेगळं विचारा: अँबर म्हणजे काय? एक म्हणेल "थोडी काळजी", दुसरा म्हणेल "उशीर झालाय पण भरून काढू", तिसरा म्हणेल "व्हेंडरवर दबाव आणायचाय म्हणून लावतो." अशा वेळी रंगातून काही मोजलं जात नाही, फक्त भरणाऱ्याची मनःस्थिती कळते. आणि मनःस्थिती बैठकीच्या आदल्या रात्री आशावादीच असते.

व्याख्या आकड्यात हवी. आपल्या आकाराच्या प्रकल्पासाठी हे उंबरठे पुरतात: मूळ तारखेपेक्षा अंदाज पुढे गेलेला नसेल तर हिरवा, एक ते दोन आठवडे पुढे असेल तर अँबर, दोनपेक्षा जास्त असेल तर लाल. दोन-तीन वर्षं चालणाऱ्या बांधकामाला हे उंबरठे फार कडक होतील आणि सहा आठवड्यांच्या कामाला फार ढिले. एक साधा अंदाज असा: जेवढ्या उशिरानंतर कुणाला तरी पैसे, करार किंवा कायदेशीर मुदत हलवावी लागते, त्याच्या निम्म्यावर लाल लागला पाहिजे, म्हणजे हालचालीला वेळ उरतो. आपल्या बँकेत गो-लाइव्ह आणि जुना करार संपणं यात पाच आठवड्यांचं अंतर आहे. त्याचं निम्मं अडीच, म्हणून दोन आठवड्यांपलीकडे लाल.

रंग हाताने भरू नका, शीटलाच ठरवू द्या. B रकान्यात मूळ आठवडा आणि C मध्ये आजचा अंदाज असेल तर:

```
=IF(C2="","लाल",IF(C2-B2>2,"लाल",IF(C2-B2>=1,"अँबर","हिरवा")))
```

सुरुवातीची `C2=""` ही अट काढू नका. एक्सेल रिकामा रकाना शून्य धरतो. शून्यातून 26 वजा केले की उणे 26 येतात आणि ज्याचा अंदाजच कुणाला देता येत नाही असा माइलस्टोन हिरवा होऊन बसतो. तारीख माहीत नसणं ही सगळ्यात वाईट बातमी आहे, तिला लालच हवा.

रंगाखेरीज आणखी एक रकाना ठेवा: "कमिटीकडून काय हवं." रंग किती उशीर आहे ते सांगतो, तर हा रकाना तो उशीर कोण सोडवू शकतं ते सांगतो. या दोन गोष्टी एकाच रंगात कोंबल्या की गोंधळ होतो. प्रकल्प व्यवस्थापक म्हणतो "लाल आहे खरं, पण मी सांभाळतोय, म्हणून अँबर दाखवलं." त्याचं सांभाळणं दुसऱ्या रकान्यात लिहू द्या. रंग मात्र आहे तोच राहील.

रंगासोबत अक्षरही छापा: ला, अँ, हि. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक, विशेषतः पुरुष, कमिटीत असू शकतात आणि कृष्णधवल प्रिंटमध्ये तिन्ही रंग करडेच दिसतात.

## तिसरी तपासणी: एकूण रंग कसा काढला

पहिल्या पानावर जो मोठा रंग असतो तोच बहुतेक संचालक पाहतात. तो कसा ठरला ते विचारा. उदाहरणातल्या रिपोर्टमध्ये आठ ओळी आहेत: खर्च, सर्व्हर, शाखांचं नेटवर्क, परवाने, प्रशिक्षण, एटीएम-यूपीआय जोडण्या, डेटा मायग्रेशन आणि शाखांकडून होणारी स्वीकृती चाचणी. सात हिरव्या, डेटा मायग्रेशन अँबर. एकूण हिरवा, कारण "बहुतांश ओळी हिरव्या आहेत."

इथे बहुमत चालत नाही. सर्व्हर, नेटवर्क आणि परवाने यांची कामं दहाव्या आठवड्यातच संपली. त्या ओळी आता कधी लाल होणारच नाहीत, तरी दर बैठकीत हिरव्यासाठी मत देत राहतात. संपलेल्या ओळी तक्त्यातून खाली "पूर्ण" या वेगळ्या यादीत टाका. उरलेल्यांपैकी ज्या कामावर गो-लाइव्हची तारीख थेट टांगलेली आहे, त्याचा रंग हाच एकूण रंग. आपल्याकडे ते काम मायग्रेशन आहे. मायग्रेशन अँबर असेल तर एकूण निदान अँबर, बाकी सगळं कितीही हिरवं असो.

खर्चाची ओळ स्वतंत्रपणे पाहा, तिच्यात एक फसवी गोष्ट असते. व्हेंडरची बिलं माइलस्टोनवर बांधलेली असतात. मॉक 2 झालाच नाही, म्हणून त्याचं बिल आलं नाही, म्हणून खर्च अंदाजपत्रकापेक्षा कमी दिसतो आणि ओळ छान हिरवी राहते. इथे पैसे वाचलेले नाहीत, काम झालेलं नाही. खर्चाशेजारी "एवढ्या खर्चात आतापर्यंत कोणते माइलस्टोन व्हायला हवे होते आणि कोणते झाले" ही एक ओळ लिहिली की हा हिरवा टिकत नाही.

## चौथी तपासणी: "पूर्ण" म्हणजे काय, पुरावा मागा

इथून पुढे अर्धा दिवस तरी लागेल आणि रिपोर्टच्या बाहेर जावं लागेल. पण खरा लाल बहुधा इथेच सापडतो.

आधी टक्के बाजूला ठेवा. "82 टक्के पूर्ण" हा आकडा बहुतेक वेळा झालेले दिवस भागिले ठरलेले दिवस किंवा टीमलीडचा अंदाज असतो. मायग्रेशनसारख्या कामात पहिले 80 टक्के म्हणजे सरळ जाणारी खाती. शेवटच्या 20 टक्क्यांत दहा वर्षांपूर्वी चुकीच्या प्रकारात उघडलेली खाती, मयत खातेदार, जन्मतारीख नसलेले ग्राहक आणि कुणालाच कारण माहीत नसलेली सस्पेन्स खात्यातली शिल्लक असते. वेळ तिथे जातो. टक्क्याऐवजी फक्त दोन स्थिती ठेवा: निकष पूर्ण, निकष अपूर्ण. मधलं काही नाही.

त्यासाठी निकष आधी लिहिलेले हवेत. मॉकसाठी ते साधारण असे असतात: सर्व 22 शाखांचा ट्रायल बॅलन्स पैशापर्यंत जुळला, नाकारलेल्या प्रत्येक नोंदीला कारण आणि जबाबदार माणूस लिहिला गेला, प्रत्येक ठेव आणि कर्ज प्रकारातल्या ठरलेल्या नमुना खात्यांवर व्याजात फरक नाही, आणि हे सगळं बँकेच्या लेखा विभागाने तपासून सही केली. सही बँकेची हवी, व्हेंडरची नाही.

आता मॉक 1 पाहू. रिपोर्टमध्ये तो "पूर्ण" आहे. 14व्याऐवजी 16व्या आठवड्यात झाला, ते शेऱ्यातही नाही. जुन्या आणि नव्या आकड्यांच्या मेळाचा कागद मागवल्यावर कळतं: 1,38,600 खाती भरली गेली, 1,400 नाकारली गेली. 22 पैकी 19 शाखांचा ट्रायल बॅलन्स जुळला, तीन शाखांचा नाही. आणि 3,900 आवर्ती ठेव खात्यांवर व्याजात फरक आला.

नाकारलेली खाती एक टक्का आहेत म्हणून कुणी घाबरत नाही. पण इथे टक्का पाहायचा नसतो, कारणं किती प्रकारची आहेत ते पाहायचं. 1,400 पैकी 1,100 फक्त जन्मतारीख रिकामी म्हणून अडकली असतील, तर शाखांना यादी पाठवून दोन आठवड्यांत निपटतील. तीन शाखांचा ट्रायल बॅलन्स न जुळणं आणि आवर्ती ठेवींचं व्याज ही वेगळी जात आहे. समजा, जुनी प्रणाली दर हप्त्यावरचं व्याज पूर्ण रुपयात करत होती आणि नवी शेवटी एकदाच करते. फरक खात्यामागे दोन-चार रुपयांचा, पण कुठला हिशेब बरोबर मानायचा हे डेटा टीम ठरवू शकत नाही. ठेवीदाराच्या पासबुकात काय छापलंय, व्याजाचं धोरण काय म्हणतं, फरक बँक सोसणार का, हा व्यवस्थापनाचा निर्णय आहे. तीन आठवडे हा प्रश्न ईमेलमध्ये फिरतोय आणि रिपोर्टमध्ये त्याचं रूप आहे "किरकोळ तफावती, निराकरण सुरू."

"किरकोळ" हा शब्द रिपोर्टमध्ये दिसला की त्यामागचा आकडा मागायचा. आकडा नसेल तर ती ओळ लाल धरायची.

## पाचवी तपासणी: उरलेल्या कामावरून तारीख पुन्हा काढा

रिपोर्टमधला अंदाज बहुधा गो-लाइव्हपासून मागे मोजलेला असतो: 26व्याला जायचंच आहे, म्हणून मॉक 3 कसाही करून 24व्याला. उलट करा. आजपासून पुढे मोजा आणि दोन टप्प्यांमधलं अंतर मूळ योजनेत होतं तेवढंच ठेवा. ते अंतर कुणीतरी विचार करून ठेवलेलं होतं. दोन मॉकमधल्या चार आठवड्यांत चुका शोधणं, प्रोग्राम बदलणं, शाखांकडून डेटा दुरुस्त करून घेणं आणि पुन्हा भरणं बसवलेलं असतं.

मॉक 2 आता 21व्या आठवड्यात. त्यानंतर चार आठवड्यांनी मॉक 3, म्हणजे 25व्यात. त्यानंतर चार आठवड्यांनी गो-लाइव्ह, म्हणजे 29व्यात. मूळ तारखेपेक्षा तीन आठवडे उशीर, आपल्या उंबरठ्याप्रमाणे लाल. यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, बोटांवर मोजता येतं. तरी हा हिशेब बहुतेक रिपोर्टमध्ये नसतो.

आणखी एक पाऊल पुढे जा. मॉक 1 चे निकष पूर्ण झालेले नाहीत, म्हणजे मॉक 2 मध्ये आधी मॉक 1 चं उरलेलं काम होईल. मॉक 2 ही नापास झाला आणि एक जास्तीची तालीम करावी लागली, तर गो-लाइव्ह 33व्या आठवड्यात. जुन्या व्हेंडरचा करार 31व्यात संपतो. आता चित्र स्पष्ट होतं: कमिटीपुढचा खरा प्रश्न मायग्रेशनचा रंग हा नाहीच, जुना देखभाल करार तीन महिन्यांनी वाढवायचा का, हा आहे. तो आज 19व्या आठवड्यात शांतपणे वाटाघाटी करून वाढवता येतो. 30व्या आठवड्यात जुना व्हेंडर मागेल ती किंमत मोजावी लागेल.

"आम्ही तालमींमधलं अंतर कमी करून भरून काढू" असं उत्तर आलं तर एवढंच विचारा: मॉक 1 ला लागलेल्या वेळेच्या तुलनेत मॉक 2 ला कमी वेळ का लागेल, कोणतं काम वगळलं, किती माणसं वाढली? नावासकट उत्तर आलं तर अंदाज बदला. नाही तर 29 हाच आकडा रिपोर्टमध्ये जाईल.

दुरुस्त केलेल्या रिपोर्टमधली ही ओळ मग अशी लिहिली जाते: "डेटा मायग्रेशन: लाल. गो-लाइव्ह मूळ 26, मागचा अंदाज 26, आजचा अंदाज 29. मॉक 2 नापास झाल्यास 33. कारण: तीन शाखांचा ट्रायल बॅलन्स जुळत नाही, 3,900 आवर्ती खात्यांच्या व्याजाची पद्धत ठरलेली नाही. कमिटीकडून हवं: 1) व्याजाच्या पद्धतीवर 20व्या आठवड्याअखेर निर्णय, 2) जुना करार तीन महिने वाढवण्यास मंजुरी. निर्णय लांबल्यास: मॉक 2 त्याच फरकांसह होईल आणि वाया जाईल." एवढ्या ओळींत कमिटीला काम मिळतं.

## सहावी तपासणी: रंग कोणत्या पायरीवर बदलला

आता माणसांकडे जावं लागतं, म्हणून ही तपासणी अवघड आहे. डेटा टीममधल्या मुलाने लाल लिहिलं, टीमलीडने "अजून दोन आठवडे आहेत" म्हणून अँबर केलं, व्हेंडरच्या प्रकल्प व्यवस्थापकाने शेरा सौम्य केला, बँकेच्या आयटी प्रमुखाने साहेबांसमोर नको म्हणून हिरवा केला. प्रत्येकाने फक्त अर्धी पायरी चढवली. खाली लाल होता तो वर हिरवा होऊन पोचला.

उपाय: रिपोर्टमध्ये दोन रंग छापा, काम करणाऱ्या टीमने दिलेला आणि वरिष्ठाने मान्य केलेला. दोन्ही वेगळे असतील तर बदलणाऱ्याचं नाव आणि एका वाक्यात कारण. रंग बदलायला बंदी घालू नका. वरिष्ठाला कधी खरंच जास्त माहिती असते. फक्त बदल उघड्यावर हवा. दोन रिपोर्टनंतर कोणाच्या हातून रंग नेहमी वरच सरकतो ते आपोआप दिसतं.

व्हेंडर स्वतःच्या माइलस्टोनचा रंग भरत असेल तर ते ताबडतोब थांबवा. "मॉक पूर्ण" या दोन शब्दांवर त्याचा हप्ता अवलंबून आहे. माणूस प्रामाणिक असला तरी हा भार त्याच्यावर टाकू नये. रंग बँकेच्या माणसाने भरावा, व्हेंडरने माहिती द्यावी.

याच्या उलट आजारही असतो. काही टीम पहिल्या दिवसापासून सगळं लाल ठेवतात, म्हणजे पुढे काही बिघडलं तर "आम्ही सांगितलं होतं" म्हणता येतं. दुसऱ्या तपासणीतले आकडी उंबरठे लावले की हेही बंद होतं.

## सातवी तपासणी: बैठकीत लालचं काय होतं

वरचं सगळं करूनही दोन महिन्यांत रिपोर्ट पुन्हा हिरवा झाला, तर दोष रिपोर्टमध्ये नाही, तो वाचणाऱ्या खोलीत आहे. मागच्या लालच्या वेळी काय झालं ते इतिवृत्तात शोधा. लाल आणणाऱ्याची चाळीस मिनिटं उलटतपासणी झाली आणि हिरवा आणणाऱ्याला दोन मिनिटांत "छान" मिळालं, तर टीम एकदाच शिकते.

याचं सार्वजनिक उदाहरण फोर्डचं आहे. 2006 मध्ये ॲलन मुलाली बोइंगमधून फोर्डमध्ये प्रमुख म्हणून आले, त्या वर्षी कंपनीला सुमारे 1,270 कोटी डॉलरचा तोटा झाला. तरी दर गुरुवारच्या आढावा बैठकीत अधिकाऱ्यांचे तक्ते हिरवेच येत होते. मग मार्क फील्ड्स यांनी एज या गाडीच्या अडलेल्या उत्पादनापुढे लाल लावला. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि यात कोण मदत करू शकतं, असं खोलीला विचारलं. पुढच्या काही आठवड्यांत बाकीच्यांच्या तक्त्यांत रंग यायला लागले. उलट बाजूला ब्रिटनची सरकारी भत्ते एकत्र करणारी युनिव्हर्सल क्रेडिट योजना. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर 2013 च्या अहवालात त्या योजनेत चांगल्याच बातम्या वर पाठवण्याची संस्कृती आणि स्वतःभोवती तटबंदी उभारण्याची वृत्ती होती, असं नोंदवलं. तिथेही रिपोर्ट होतेच.

कमिटीच्या अध्यक्षांशी बैठकीआधी एकट्याने बोलून या तीन गोष्टी ठरवून घ्या. लाल ओळी अजेंड्यावर सगळ्यात आधी, कारण शेवटी ठेवल्या की वेळ संपलेला असतो. पहिला प्रश्न "कुणामुळे" नाही, "कमिटीकडून काय हवं आणि कधीपर्यंत" हा. आणि लाल ओळीवर त्याच बैठकीत निर्णय, नाही तर निर्णयाची तारीख आणि घेणाऱ्याचं नाव इतिवृत्तात. दोन बैठका निर्णयाविना राहिलेला लाल अध्यक्षांनी स्वतः संचालक मंडळापुढे न्यावा. लाल दाखवूनही काही हालत नाही असं दिसलं की टीम लाल दाखवणं सोडून देते, आणि त्यात टीमचा दोष नसतो.

## इथे थांबा, बाहेरचा माणूस बोलवा

खालीलपैकी काही दिसलं तर घरची तपासणी पुरे.

पुरावा मागितल्यावर मेळाचा कागद मिळतच नाही, किंवा दोन विभागांकडून वेगवेगळे आकडे येतात. अशा वेळी प्रश्न रंगाचा राहत नाही, हिशेबाचा होतो. सीसा किंवा डिसा पात्रता असलेला, बँक आणि व्हेंडर दोघांशी संबंध नसलेला माहिती प्रणाली लेखापरीक्षक नेमा. त्याला मूळ योजना, सगळे जुने रिपोर्ट, मॉकचे मेळ आणि डिफेक्टची यादी द्या, आणि त्याचा अहवाल प्रकल्प व्यवस्थापकामार्फत न येता थेट अध्यक्षांकडे जाईल असं नेमणूकपत्रात लिहा. आपल्या उदाहरणाएवढ्या प्रकल्पात आठ-दहा कामाचे दिवस द्यावे लागतील. तेवढे दिवस नाहीत असं कुणी म्हणालं, तर गो-लाइव्हची तारीख आधीच हातातून गेली आहे.

ट्रायल बॅलन्स न जुळताही गो-लाइव्हचा आग्रह कुणी धरत असेल, तर रिपोर्ट सुधारत बसू नका. त्या दिवशी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखांना लेखी कळवा. न जुळलेला डेटा एकदा चालू प्रणालीत गेला आणि त्यावर दुसऱ्या दिवसाचे व्यवहार बसले, की कोणता फरक जुना आणि कोणता नवा हे वेगळं करणं फार कठीण होतं.

व्हेंडर उशिराची जबाबदारी नाकारतोय, हप्त्यांवरून पत्रापत्री सुरू झाली आहे किंवा दंडाच्या कलमाचा उल्लेख आला आहे, तर वकिलाला बोलवा आणि तोपर्यंत रिपोर्टची भाषा बदलू नका. जुने रिपोर्ट, त्यांतले रंग आणि कमिटीची इतिवृत्तं हाच पुढे पुरावा असतो. त्यातला एखादा जुना हिरवा आता मागे जाऊन लाल करण्याचा मोह होईल. तो रिपोर्ट जसा गेला तसाच राहू द्या आणि दुरुस्ती नव्या तारखेच्या रिपोर्टमध्ये लिहा.